ताळेबंद जुळला म्हणजे मोबदला बरोबर, असे नव्हे

दोन कंपन्या बंद होतात आणि दोघींचा धंदा तिसरी, नवी कंपनी ताब्यात घेते, तेव्हा सगळा हिशेब एका आकड्याभोवती फिरतो. जुन्या भागधारकांना नवी कंपनी एकूण किती देणार, हा तो आकडा. त्यालाच खरेदी मोबदला म्हणतात. तो चुकला तर पुढची जवळजवळ प्रत्येक नोंद चुकते. पण विद्यार्थ्यांना आणि नव्याने आर्टिकलशिप करणाऱ्यांना खरा धोका दिसत नाही तो पुढेच आहे: मोबदला चुकूनही नव्या कंपनीचा ताळेबंद अगदी व्यवस्थित जुळतो. गुडविल हा शेवटी उरलेला आकडा असतो, त्यामुळे झालेली चूक त्यात निमूट मुरते. म्हणून हा लेख मोबदला कसा काढायचा यापुरता नाही, तो बरोबर निघाला हे कसे ताडून पाहायचे, याबद्दलही आहे.

आधी खरेदी पद्धत कधी लागते ते थोडक्यात पाहू. भारतात हा विषय लेखा मानक 14 खाली येतो. एकत्रीकरण विलीनीकरणाच्या स्वरूपाचे ठरायला त्यात पाच अटी आहेत आणि त्यातली एक जरी मोडली तरी व्यवहार खरेदीच्या स्वरूपाचा ठरतो. त्यातल्या दोन अटी व्यवहारात सर्वांत जास्त वेळा मोडतात. एक, समभागधारकांना मोबदला फक्त समभागांतच मिळायला हवा, रोख द्यायची ती केवळ अपूर्णांकातल्या भागांपुरती. दोन, मालमत्ता आणि देणी जुन्याच पुस्तकी किमतींना नव्या पुस्तकांत यायला हवीत, बदल चालतो तो फक्त दोघांची लेखाधोरणे सारखी करण्यापुरता. म्हणजे जमिनीची किंमत नव्याने ठरवली किंवा भागधारकांना वरकड रोख रक्कम दिली, की खरेदी पद्धत लागलीच.

आता निव्वळ मालमत्ता पद्धत. नव्या कंपनीने घेतलेल्या मालमत्तेची उभयपक्षी ठरलेली किंमत घ्यायची, त्यातून तिने पत्करलेल्या देण्यांची ठरलेली किंमत वजा करायची, उरतो तो खरेदी मोबदला. वाक्य सोपे आहे, पण त्यातले तीन शब्द महत्त्वाचे: घेतलेली, पत्करलेली आणि ठरलेली. ताळेबंदात जे लिहिले आहे ते सगळे घेतलेले असतेच असे नाही. जे घेतले त्याची किंमत पुस्तकात आहे तीच असते असेही नाही. आणि काही देणी पुस्तकात नसतानाही पत्करावी लागतात.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. सगळे आकडे लाख रुपयांत आहेत. अ आणि ब या दोन कंपन्यांचा धंदा 31 मार्च 2025 रोजी क ही नवी कंपनी घेते. अ कंपनीचे समभाग भांडवल 50 (प्रत्येकी 10 रुपयांचे 5 लाख भाग), अग्रहक्क भाग भांडवल 10, सर्वसाधारण राखीव निधी 12, नफातोटा खात्याची जमा शिल्लक 6, कर्जरोखे 20 आणि धनको 14. समोर जमीन-इमारत 40, यंत्रसामग्री 30, मालसाठा 18, ऋणको 16 आणि बँक शिल्लक 8. दोन्ही बाजू 112.

ब कंपनी लहान आहे. समभाग भांडवल 30 (3 लाख भाग), सर्वसाधारण राखीव निधी 5, निर्यात नफ्याचा वैधानिक राखीव निधी 3, बँकेचे कर्ज 8, धनको 12, आणि नफातोटा खात्यात 4 चा साचलेला तोटा. समोर इमारत 14, यंत्रसामग्री 16, मालसाठा 12, ऋणको 9, बँक 3. तोटा वजा करून दोन्ही बाजू 54.

वाटाघाटीत काय ठरले? अ कंपनीची जमीन-इमारत 52, यंत्रे 27, मालसाठा 17 आणि गुडविल 8 धरायचे. ऋणकोंपैकी 1 लाख बुडीत जाण्याची शक्यता धरायची. कर्जरोखेधारकांना 10 टक्के अधिमूल्य देऊन, म्हणजे 22 लाखांना, नव्या कंपनीचे कर्जरोखे द्यायचे. तपासणीत असेही निघाले की कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे 2 लाख अ कंपनीने पुस्तकात धरलेलेच नव्हते, ते देणे क कंपनी पत्करते. ब कंपनीची इमारत 18, यंत्रे 15 आणि मालसाठा 11, बाकी सगळे पुस्तकी किमतीला. तिला गुडविल नाही.

मोबदला असा निघतो:

| | अ | ब |
|---|---|---|
| गुडविल | 8 | – |
| जमीन-इमारत | 52 | 18 |
| यंत्रसामग्री | 27 | 15 |
| मालसाठा | 17 | 11 |
| ऋणको (तरतूद वजा जाता) | 15 | 9 |
| बँक | 8 | 3 |
| एकूण मालमत्ता | 127 | 56 |
| कर्जरोखे | 22 | – |
| बँक कर्ज | – | 8 |
| धनको | 14 | 12 |
| ग्रॅच्युइटी | 2 | – |
| एकूण देणी | 38 | 20 |
| खरेदी मोबदला | 89 | 36 |

या तक्त्यात जे नाही तेही नीट पाहा. ब कंपनीचा साचलेला 4 लाखांचा तोटा मालमत्तेत धरलेला नाही. जुन्या धाटणीच्या ताळेबंदात तो मालमत्तेच्या बाजूला दिसायचा, म्हणून चुकून बेरजेत येतो. पण तोटा विकत कोण घेणार? राखीव निधी आणि भांडवल देण्यांत धरलेले नाहीत, कारण ती मालकांची रक्कम आहे. अग्रहक्क भाग भांडवलाचे 10 लाखही त्याच कारणाने वजा होत नाहीत. अग्रहक्क भागधारक हेही भागधारकच आहेत आणि लेखा मानक 14 मधली मोबदल्याची व्याख्या सर्व भागधारकांना मिळणाऱ्या रकमेची आहे. कर्जरोखेधारक मात्र भागधारक नाहीत. त्यांना नवी कंपनी कर्जरोखे देते म्हणून ती रक्कम मोबदल्यात मिळवायची नसते. ते देणे आहे, आणि अधिमूल्यासह 22 लाखांनी वजा होते.

आता 89 आणि 36 लाख चुकते कसे करायचे? हा स्वतंत्र प्रश्न आहे, तो मोबदला काढण्यात मिसळू नका. क कंपनी आपले 10 रुपयांचे समभाग 12 रुपयांना देते. अ च्या अग्रहक्क भागधारकांना 10 लाखांचे नवे अग्रहक्क भाग मिळतात, समभागधारकांसाठी 79 लाख उरतात. त्यांना 5 भागांमागे 6 या प्रमाणात 6 लाख समभाग दिले, त्यांचे 72 लाख झाले. राहिलेले 7 लाख रोख. ब च्या भागधारकांना एकास एक या प्रमाणात 3 लाख समभाग, म्हणजे बरोबर 36 लाख. मोबदला चुकवताना भागाची दर्शनी किंमत न घेता ज्या किमतीला तो दिला जातो ती घ्यायची. 10 रुपयांनी हिशेब केला तर अ च्या समभागधारकांना 72 ऐवजी 60 लाखच मिळाल्यासारखे दिसेल आणि 12 लाखांचा फरक कुठे गेला ते शोधत बसावे लागेल.

यानंतर क कंपनीच्या पुस्तकात अ च्या मालमत्ता ठरलेल्या किमतींना नावे होतात. ऋणको मात्र पूर्ण 16 लाखांनी येतात आणि 1 लाखाची संशयित बुडीत कर्ज तरतूद वेगळी जमा होते. देणी जमा होतात, लिक्विडेटरच्या खात्यावर 89 लाख जमा होतात. गुडविल सोडून नावे बाजू 120 होते, जमा बाजू 128. फरक 8, म्हणजे गुडविल. ब च्या बाबतीत नावे 56, जमाही 56, गुडविल शून्य. जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी. कंपनी कायदा 2013 च्या कलम 232 खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण योजना मंजूर करते, तेव्हा जुनी कंपनी परिसमापनाशिवायच विसर्जित होऊ शकते, म्हणजे प्रत्यक्षात लिक्विडेटर कोणीच नसतो. खात्याचे नाव जुन्या वहिवाटीने चालत आले आहे.

इथे पहिली पडताळणी करून घ्या. निव्वळ मालमत्ता पद्धतीत मोबदला ज्या किमतींनी काढला त्याच किमतींनी मालमत्ता नव्या पुस्तकात आल्या, तर खरेदीच्या नोंदीतले गुडविल वाटाघाटीत ठरलेल्या गुडविलइतकेच निघाले पाहिजे. अ साठी 8, ब साठी शून्य. याहून वेगळा आकडा आला तर एक तर मोबदल्यात चूक आहे, नाही तर नव्या कंपनीने एखादी मालमत्ता ठरलेल्या किमतीपेक्षा वेगळ्या किमतीला नोंदवली आहे. दुसरी शक्यता योग्यही असू शकते, पण ती कुठे घडली ते बोट ठेवून दाखवता यायला हवे.

ही पडताळणी काय पकडते ते पाहा. समजा कोणी अग्रहक्क भांडवलाचे 10 लाख देणे समजून वजा केले. मोबदला 79 निघेल. नावे बाजू 120, जमा 118, म्हणजे गुडविलऐवजी 2 लाखांचा भांडवली राखीव निधी उभा राहील. ताळेबंद जुळेल, परीक्षेत वेळ संपत आली असेल तर समाधानही वाटेल. पण 8 लाख गुडविल कबूल केलेल्या कंपनीच्या खरेदीत भांडवली नफा कसा निघेल, हा प्रश्न विचारला की चूक उघडी पडते. तसेच ब चा 4 लाखांचा तोटा मालमत्तेत धरला तर मोबदला 40 होईल आणि ज्या कंपनीला गुडविल नाही असे ठरले तिच्या नावावर 4 लाखांचे गुडविल उगवेल.

पण एक चूक या पडताळणीतून निसटते. अ च्या 16 लाख ऋणकोंपैकी 4 लाख ब कडूनच येणे आहेत आणि ब च्या 12 लाख धनकोंत तेच 4 लाख आहेत. क च्या ताळेबंदात हे परस्पर येणे-देणे राहू शकत नाही, स्वतःचे स्वतःला देणे कसे असेल? म्हणून अनेकांचा हात आधीच पुढे जातो आणि ते मोबदला काढतानाच हे 4 लाख दोन्हीकडून वगळतात. मग अ चा मोबदला 85 आणि ब चा 40 निघतो. बेरीज तीच, 125. गुडविलही 8 आणि शून्यच. सगळे जागच्या जागी दिसते. प्रत्यक्षात अ च्या भागधारकांच्या खिशातले 4 लाख ब च्या भागधारकांच्या खिशात गेले. अ चे येणे हे तिच्या भागधारकांची मालमत्ता आहे आणि ब चे देणे तिच्या भागधारकांवरचा बोजा. मोबदला ठरेपर्यंत या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. म्हणून वजावट नंतर करायची: क च्या पुस्तकात खरेदीची नोंद झाल्यावर धनको नावे 4, ऋणको जमा 4.

ही चूक दुसरी पडताळणी पकडते, आणि ती जुन्या कंपनीच्या पुस्तकात करावी लागते. अ च्या वसुली खात्यात नावे बाजूला पुस्तकी मालमत्ता 112 जातात, जमेला कर्जरोखे 20, धनको 14 आणि मोबदला 89, एकूण 123. नफा 11. ग्रॅच्युइटी इथे येत नाही, कारण ती अ च्या पुस्तकात कधी नव्हतीच. आता हाच नफा दुसऱ्या वाटेने काढा, फक्त किमतींच्या बदलांवरून. गुडविल 8 आणि जमीन-इमारतीची वाढ 12, मिळून 20. यंत्रांची घट 3, मालाची 1, बुडीताची 1, कर्जरोख्यांचे अधिमूल्य 2, ग्रॅच्युइटी 2, मिळून 9. वीसातून नऊ गेले, 11 राहिले. दोन वाटा एकाच आकड्यावर आल्या म्हणजे मोबदला बरोबर. ब साठी वसुली खात्याची जमा बाजू 8, 12 आणि 36, म्हणजे 56. नावे 54. नफा 2. बदलांवरून पाहिले तर इमारतीची वाढ 4, यंत्रे आणि माल यांची घट प्रत्येकी 1, उरतात 2. जुळले.

परस्पर येणे आधी वगळले असते तर अ चा नफा 7 आणि ब चा 6 निघाला असता, बदलांवरून मात्र 11 आणि 2 च येतात. दोन्हीकडे बरोबर 4 चा फरक, आणि उलट दिशांना. अशी खूण दिसली की परस्पर येण्या-देण्याकडे वळा, दुसरीकडे शोधू नका.

वसुलीचा नफा भागधारक खात्यात नेला की चित्र पुरे होते. अ चे समभागधारक: भांडवल 50, राखीव निधी 12, नफातोटा 6, वसुलीचा नफा 11, एकूण 79, आणि मिळाले तेही 72 अधिक 7. ब चे: 30, 5, 3 आणि 2 मिळून 40, त्यातून साचलेला तोटा 4 वजा, उरले 36. तो तोटा अखेर कोणी सोसला ते इथे स्पष्ट दिसते: ब च्या भागधारकांनी, क कंपनीने नाही.

क च्या पुस्तकात आता तीन नोंदी राहतात. पहिली मालसाठ्याची. ब च्या मालात अ कडून 3 लाखांना घेतलेला माल आहे आणि अ ने विक्रीवर 20 टक्के नफा लावला होता. म्हणजे 60 हजारांचा नफा अजून बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून वसूल झालेलाच नाही. माल तेवढ्याने कमी करून रक्कम गुडविलला नावे टाकतात. इथे एक सवय लावून घ्या: टक्केवारी विक्रीवर आहे की मूळ किमतीवर, हे आधी वाचा. मूळ किमतीवर 20 टक्के असते तर न वसूल झालेला नफा 50 हजार झाला असता.

दुसरी नोंद विसर्जनाच्या खर्चाची. दोन्ही कंपन्यांचा मिळून 1 लाख 40 हजारांचा खर्च क ने उचलला. ही रक्कम भागधारकांच्या हातात जात नाही म्हणून मोबदल्यात धरत नाहीत. ती बँकेतून जाते आणि गुडविल वाढवते. गुडविल आता 8 अधिक 0.60 अधिक 1.40, म्हणजे 10 लाख.

तिसरी नोंद वैधानिक निधीची. खरेदी पद्धतीत जुन्या कंपनीचे राखीव निधी नव्या कंपनीत येत नाहीत, कारण ते मोबदल्यातून चुकते झाले. अपवाद कायद्याने ठरावीक काळ पुस्तकात ठेवणे भाग असलेल्या निधीचा. ब चा 3 लाखांचा निर्यात निधी क च्या पुस्तकात जमा करायचा आणि समोर अमाल्गमेशन अ‍ॅडजस्टमेंट रिझर्व्ह खाते नावे टाकायचे. पूर्वी या खात्याच्या नावात रिझर्व्हऐवजी अकाउंट असे होते आणि ते मालमत्तेच्या बाजूला दाखवत. 2016 च्या दुरुस्तीनंतर ते राखीव निधींच्याच गटात ऋण आकड्याने दिसते, त्यामुळे ताळेबंदाची बेरीज फुगत नाही. जुन्या पुस्तकांवरून अभ्यास करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. निधी ठेवण्याची कायदेशीर गरज संपली की दोन्ही खाती उलट नोंदीने मिटवतात.

अखेर क चा ताळेबंद. समभाग भांडवल 90, अग्रहक्क भाग 10, सिक्युरिटीज प्रीमियम 18, वैधानिक निधी 3 आणि त्यातून वजा 3, कर्जरोखे 22, बँक कर्ज 8, धनको 22, ग्रॅच्युइटी 2. एकूण 172. समोर गुडविल 10, जमीन-इमारत 70, यंत्रे 42, मालसाठा 27.40, ऋणको तरतूद वजा जाता 20, बँक 2.60. एकूण 172.

बँकेचे 2.60 लाख मात्र नजरेतून सोडू नका. दोन्ही कंपन्यांकडून 11 लाख आले, त्यातले 7 भागधारकांना आणि 1.40 खर्चाला गेले. धनको 22 लाखांचे आहेत. मोबदल्याचा आकडा बरोबर असला तरी तो चुकवताना किती रोख द्यायची याचा निर्णय वेगळा असतो, आणि नवी कंपनी पहिल्याच महिन्यात धनकोंना काय देणार हे योजना लिहितानाच पाहावे लागते. इथे 7 लाखांऐवजीही समभाग दिले असते तर हाताशी 9.60 लाख राहिले असते. तरीही पद्धत खरेदीचीच राहिली असती, कारण मालमत्तेच्या किमती बदललेल्या आहेत.

कागदोपत्री आणखी दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात. योजनेतली लेखापद्धत विहित मानकांप्रमाणे आहे, असे लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र दाखल झाल्याशिवाय न्यायाधिकरण योजना मंजूर करत नाही. त्यामुळे वरच्या दोन्ही पडताळण्या योजनेचा मसुदा पक्का होण्याआधी व्हायला हव्यात. आणि हे सगळे लेखा मानक 14 लागू असलेल्या कंपन्यांपुरते आहे. इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांना इंड एएस 103 पाळावे लागते. तिथे व्यवहाराचा खर्च गुडविलमध्ये न जाता त्या वर्षीच्या नफातोट्याला जातो, आणि गुडविल दरवर्षी निर्लेखित न करता त्याचे मूल्य घटले आहे का ते तपासतात. आपल्या क कंपनीला मात्र लेखा मानक 14 प्रमाणे 10 लाखांचे गुडविल, अधिक काळाचे समर्थन करता येत नसेल तर, 5 वर्षांच्या आत निर्लेखित करावे लागेल. समान हप्त्यांनी केले तर दर वर्षी 2 लाख, आणि पहिला हप्ता 2025-26 च्या नफातोटा खात्यात.